छोट्या रचनांचा आराखडा कानाने कसा ओळखायचा? बायनरी, टर्नरी आणि अ-अ-ब-अ

सायली_गुहागर
नमस्कार मंडळी. गेले काही महिने मी पाश्चात्त्य संगीतातल्या छोट्या रचना ऐकते आहे. वाजवता काही येत नाही, फक्त ऐकते. दोन भागांची ती बायनरी, तीन भागांची ती टर्नरी, आणि जुन्या इंग्रजी गाण्यांत अ-अ-ब-अ, इथपर्यंत वाचून झालं. पण प्रत्यक्ष ऐकताना अडते.

अडचण नेमकी सांगते. 'ट्विंकल ट्विंकल'ची चाल सगळ्यांना माहीत आहे. भाची गाते तेव्हा ती मला सरळ तीन भागांची वाटते: पहिली ओळ, मधली वेगळी ओळ, परत पहिली. मोझार्टने याच चालीवर बारा व्हेरिएशन्स लिहिली आहेत (के. 265). त्याची छापील प्रत पाहिली तर तिथे दोनच भाग आहेत आणि दोघांनाही पुनरावृत्तीची खूण. चाल तीच, मग दोन की तीन? आणि अ-अ-ब-अ हा यांच्यापेक्षा वेगळा प्रकार आहे, की यातलाच एक? ऐकताना कान नेमका कुठे ठेवायचा?

काजूगर
सायलीताई, एवढं अवघड नाही ते. दोन चाली असतील तर बायनरी, तीन असतील तर टर्नरी. आपल्याकडची अस्थायी-अंतरा म्हणजे शुद्ध बायनरी.

पेटीमास्तर_कुडाळ
काजूगर, अंतऱ्यावर बंदिश संपलेली कुठे ऐकलीत? अंतरा तार षड्जापर्यंत जातो, खाली येतो आणि मुखडा पकडतो. मैफलीत काय, आमच्या भजनात काय, शेवट मुखड्यावरच होतो. ऐकणाऱ्याच्या कानावर अस्थायी, अंतरा, अस्थायी असंच पडतं. म्हणजे तीन भाग झाले, आणि चाली मात्र दोनच. तुमच्या हिशेबात हे बसत नाही.

तबलजी_राजापूर
टर्नरी म्हणजे तीनचा हिशेब ना? मग दादरा, खेमटा सगळे टर्नरीच. मी वाल्ट्झ ऐकलेत, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. सायली, तुम्ही मात्रा मोजा, लगेच कळेल.

सायली_गुहागर
दादा, मात्रांचा हिशेब मला जमतो, पण प्रश्न तो नाही. 'ट्विंकल' दोन-दोनच्या ठेक्यात आहे, तरी भाग तीन वाटतात. एका बारमध्ये किती मात्रा हे नाही, अख्खी रचना किती तुकड्यांची हे विचारते आहे.

वसईकर_टेनर
चर्चच्या क्वायरमध्ये गातो, आणि तिथे हा आराखडा रोज हाताळावा लागतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काजूगर चाली मोजतायत, पेटीमास्तर भाग मोजतायत. दोन्ही उपयोगाचं आहे, पण आधी एक गोष्ट ऐकावी लागते: पहिला भाग संपतो तेव्हा तो घरी संपतो की बाहेर?

'ट्विंकल' सरगममध्ये लिहू.

पहिला भाग: सा सा प प ध ध प – म म ग ग रे रे सा
मधला भाग: प प म म ग ग रे – प प म म ग ग रे
परत: सा सा प प ध ध प – म म ग ग रे रे सा

पहिला भाग 'सा'वर येऊन थांबला. इथेच गाणं बंद केलं तर कुणाची तक्रार नाही, कारण वाक्य पूर्ण झालंय. आता मधला भाग पाहा. एकच तुकडा दोनदा, आणि दोन्ही वेळा 'रे'वर सोडून दिलेला. तो एकटा गाऊन थांबून बघा, घरातलं लहान मूलसुद्धा पुढचा 'सा सा प प' आपोआप म्हणेल. म्हणजे मधला भाग स्वतःच्या पायावर उभा नाही. त्याचं सगळं काम परतीच्या 'सा'ची ओढ लावण्याचं.

तुमच्या प्रश्नाची मेख इथेच आहे. टर्नरीतला मधला भाग म्हणजे स्वतंत्र खोली. तिला स्वतःचं दार, स्वतःचं सामान, आणि ती पूर्ण बंद करता येते. 'ट्विंकल'चा मधला भाग तसा नाही. म्हणून मोझार्टच्या प्रतीत तो पुढच्या 'अ'ला चिकटवलेला आहे. पहिले 8 बार, त्यांची पुनरावृत्ती. मग 8 अधिक 8 असे 16 बार एकत्र, आणि त्या जोडीची पुनरावृत्ती. सगळं वाजवलं की कानावर येतं अ-अ-बअ-बअ, एकूण 48 बार. ज्या दोन भागांच्या रचनेत दुसऱ्या भागाच्या शेवटी पहिली चाल परत येते, तिला राउंडेड बायनरी म्हणतात.

लाटांवरची_वीणा
टेनर, सरगम छान मांडलीत, पण निकाल मला मान्य नाही. मी रत्नागिरीत मुलांना कीबोर्ड शिकवते. 'ट्विंकल'चा पहिला भाग पूर्णपणे घरी संपतो हे तुम्हीच लिहिलंत. खऱ्या बायनरीत पहिला भाग बहुतेक वेळा बाहेर, पंचमाच्या घरात जाऊन थांबतो आणि दुसरा भाग परत आणतो. तो जा-ये हाच बायनरीचा प्राण. इथे पहिल्या भागात कुठे जाणंच नाही. शिवाय मुलं गातात तेव्हा कोण पुनरावृत्ती करतं? अ, ब, अ गातात आणि संपतं. ऐकणाऱ्याच्या दृष्टीने ती टर्नरीच. खुणा छापणाऱ्याच्या सोयीच्या, कान गाणाऱ्याचा.

वसईकर_टेनर
वीणाताई, खुणा छापणाऱ्याच्या नाहीत, रचनेच्या आहेत. बारा व्हेरिएशन्स त्याच खुणांनी चालतात, 'ब' आणि परतीचा 'अ' कुठेच वेगळे होत नाहीत. पण पहिला भाग घरी संपतो हा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच या चालीबद्दल जाणकारांतही दोन मतं आहेत. मी व्हेरिएशन्सना राउंडेड बायनरी म्हणेन. भाची गाते त्याला सायलीने तीन भागांचं म्हटलं तर मी भांडणार नाही.

काजूगर
म्हणजे एकाच चालीचे दोन पासपोर्ट!

सायली_गुहागर
:) वीणाताई, मग जिच्यात परतीचा 'अ' नाहीच अशी साधी बायनरी कोणती ऐकू? आणि 'पंचमाच्या घरात' जाणं मला कानाने कसं कळेल? मला कॉर्ड ओळखता येत नाहीत.

लाटांवरची_वीणा
ऐक, बाखच्या बायकोच्या 1725 च्या वहीत 'जी मेजर'मधला एक मिन्युएट आहे. कीबोर्ड शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने वाजवलेला. बरीच वर्षं तो बाखचाच समजला जायचा, प्रत्यक्षात क्रिस्तियान पेत्सोल्डचा आहे. 16 बार, पुनरावृत्ती, मग दुसरे 16 बार, पुनरावृत्ती.

कॉर्ड न ओळखता ऐकायची माझी युक्ती तंबोऱ्याची आहे. मोबाइलवर तंबोरा लावायचा, षड्ज 'जी' म्हणजे पांढरी पाच. त्यावर मिन्युएट हळू वाजवायचा. सुरुवातीची ओळ प सा रे ग म प सा सा. पहिले 16 बार तंबोऱ्याशी निमूट जुळतात आणि 'सा'वर मिटतात. दुसरा भाग सुरू झाला की चौथ्या बारमध्ये एक सूर तंबोऱ्याला टोचतो. तो आहे तीव्र म. तिथून पुढे चार-पाच बार चाल आपल्या पंचमालाच षड्ज मानून चालते, आपल्याकडे षड्जचालन म्हणतात तसं, आणि आठव्या बारला पंचमावर टेकते. हेच ते पंचमाचं घर. मग तीन बारांत शुद्ध म परत येतो आणि शेवटी आपण पुन्हा 'सा'वर.

पण बघ, घरी परतलो तरी 'प सा रे ग म प' ही सुरुवातीची ओळ पुन्हा येत नाही. सूर घरी आला, चाल आली नाही. साधी बायनरी ती हीच.

पेटीमास्तर_कुडाळ
ही तंबोऱ्याची युक्ती माझ्या कामाची. एक शंका. तुम्ही वर म्हणालात बायनरीत पहिला भाग बाहेर जाऊन थांबतो. या मिन्युएटचा पहिला भाग तर 'सा'वरच मिटला?

लाटांवरची_वीणा
हो, या मिन्युएटमध्ये बाहेर जाणं दुसऱ्या भागात आहे. म्हणून मी 'बहुतेक वेळा' म्हटलं. त्या काळच्या नृत्यरचनांत पहिला भाग पंचमावर थांबणं जास्त सापडतं, पण सक्ती नाही. म्हणून नुसत्या पहिल्या भागाच्या शेवटावर निकाल देऊ नका. सुरुवातीची चाल परत येते की नाही, हेही ऐका.

वसईकर_टेनर
मग 'ट्विंकल'च्या बाबतीतही तोच नियम लावा की, ताई!

लाटांवरची_वीणा
लावला. चाल परत येते, म्हणून तीन भाग. :)

आबा_वेंगुर्ले
पोरांनू, तुमचा सगळा वाचलंय, बरा वाटला. पण आमच्या गणपतीच्या आरतीचा काय? 'सुखकर्ता दुःखहर्ता'चा कडवा, मगे 'जय देव जय देव', परत कडवा, परत 'जय देव'. ह्येका बायनरी म्हणूचा काय?

वसईकर_टेनर
आबा, ती ध्रुवपद आणि कडव्यांची पद्धत. ध्रुवपद दर वेळी त्याच शब्दांत, कडवी बदलत जातात. कडवी कितीही वाढवा, आराखडा मोडत नाही. बायनरी, टर्नरीत भाग ठरलेले असतात, एक वाढवला की रचना बिघडते. ही खानेसुमारी तुमच्या आरतीला नको.

गिटार_दापोली
अ-अ-ब-अ कुणी घेतलंच नाही, म्हणून मी येतो. मी रिसॉर्टवर संध्याकाळी वाजवतो, जुनी अमेरिकन गाणी बरीच येतात. त्यांचा ठरलेला आराखडा 32 बारांचा: 8, 8, 8, 8.

पहिली गोष्ट, मराठी कान इथे फसतो. भावगीतात मुखडा, अंतरा, मुखडा, दुसरा अंतरा, मुखडा. मुखड्याचे शब्द कायम, अंतऱ्याचे बदलतात. अंतऱ्यांची चाल एकच असेल तर अ-ब-अ-ब-अ होतं. त्यामुळे आपण प्रत्येक गाण्यात परत येणारी तीच ओळ शोधतो. अ-अ-ब-अ मध्ये उलटं आहे. 'अ' तीनदा येतो, चाल तीच, पण शब्द दर वेळी नवे. गाण्याचं नाव असलेला तुकडा तेवढा प्रत्येक 'अ'च्या सुरुवातीला किंवा शेवटी असतो. आणि 'ब' एका फेरीत एकदाच. त्याला वादक ब्रिज म्हणतात.

दुसरी गोष्ट, ब्रिज ओळखायचा तो त्याच्या अस्थिरपणावरून. गर्शविनचं 1930 चं 'आय गॉट रिदम' घ्या. 'बी फ्लॅट'मध्ये वाजवलं तर 'अ'मध्ये कॉर्ड भराभर बदलतात, पण सतत घराभोवती घुटमळतात. ब्रिजला पोहोचलो की एकदम मोकळं होतं. फक्त चार कॉर्ड, प्रत्येक दोन-दोन बार: डी सेव्हन, जी सेव्हन, सी सेव्हन, एफ सेव्हन. प्रत्येक कॉर्ड पुढच्याकडे ढकलते. शेवटची 'एफ सेव्हन' म्हणजे घराचा पंचम, तिथून घरी न जाणं कानाला सहनच होत नाही. आठ बार भरले, 'अ' आला.

काजूगर
म्हणजे मधला भाग 'ट्विंकल'सारखाच, नुसती ओढ लावणारा?

गिटार_दापोली
कामाच्या दृष्टीने हो. लांबी आणि कॉर्ड वेगळ्या.

वसईकर_टेनर
काजूगरने नेमक्या जागी बोट ठेवलं, आणि सायलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. मोझार्टच्या थीमची क्रमवारी पाहा: अ-अ-बअ-बअ. शेवटची पुनरावृत्ती काढून टाका. उरतं अ-अ-ब-अ. म्हणजे अ-अ-ब-अ हा राउंडेड बायनरीचा जवळचा नातेवाईक आहे. पहिल्या भागाची पुनरावृत्ती नव्या शब्दांनी लिहून काढली, दुसऱ्याची सोडून दिली.

दोन्हींच्या मधोमध उभी असलेली एक चाल सांगतो. बेथोव्हेनच्या नवव्या सिंफनीतली (1824) आनंदगीताची चाल. चार-चार बारांच्या चार ओळी.

पहिली: ग ग म प – प म ग रे – सा सा रे ग – ग रे रे
दुसरी: तीच, पण शेवट – रे सा सा
तिसरी: रे रे ग सा – रे गम ग सा – रे गम ग रे – सा रे, आणि मंद्र प
चौथी: दुसरीसारखीच

पहिली ओळ 'रे'वर उघडी, दुसरी 'सा'वर मिटलेली, तिसरी मंद्र पंचमावर जाऊन लटकते, चौथी घरी. गाणारे याला अ-अ-ब-अ म्हणतील. पण सिंफनीत ही थीम मांडताना शेवटच्या दोन ओळी, म्हणजे ब आणि अ, जोडीनेच पुन्हा येतात आणि थीम 24 बारांची होते. ती जोडी पुन्हा आली की राउंडेड बायनरीची चाहूल लागते.

आणखी एक. चौथी ओळ तिच्या ठरलेल्या मात्रेवर सुरू होत नाही. तिसरी ओळ मंद्र पंचमावर असतानाच, बारच्या चौथ्या मात्रेला, 'ग' येतो आणि पुढच्या बारमध्ये धरून ठेवला जातो. परतीचा 'अ' एक मात्रा आधीच दारात. मी गाताना तिथे दर वेळी अंगावर काटा येतो.

तबलजी_राजापूर
म्हणजे आमच्या भाषेत अनागत. समेच्या आधीच उचल! हे मला लगेच समजलं. भागांचं गणित मला जमेल न जमेल, पण ती मात्रा मी आता ऐकणारच.

सायली_गुहागर
खूप मिळालं मला. वीणाताईंची तंबोऱ्याची युक्ती कालच करून पाहिली, तो तीव्र म स्पष्ट टोचतो. पण अ-अ-ब-अ मोजताना एका ठिकाणी गडबड होते. बीटल्सचं 'यस्टरडे' लावलं, आठ-आठ मोजत गेले, तर 'अ' माझ्या मोजणीच्या आधीच संपतो.

गिटार_दापोली
मोजणी बरोबर आहे, गाणंच तसं आहे. त्याचे 'अ' सात बारांचे आहेत आणि 'ब' आठ बारांचा. आठवर विसंबलं की पुढचं सगळं घसरतं. म्हणून बार मोजण्याआधी शेवट ऐकायचा: वाक्य मिटलं की पाटी नवी. 'आय गॉट रिदम'लाही मूळ गाण्यात शेवटच्या 'अ'ला दोन बारांचं शेपूट आहे, एकूण 34. जॅझवाले ते कापून 32 वर वाजवतात.

आणि आणखी एक फसगत. जुन्या नाटकांतल्या गाण्यांना आधी एक प्रास्ताविक असतं, सैलसर चालीचं. ते पुढे परत येत नाही. त्यालाच 'अ' धरलं की सगळा आराखडा चुकतो. 32 बार त्याच्यानंतर सुरू होतात.

लाटांवरची_वीणा
रेकॉर्डिंगची पण काळजी घे. मिन्युएटसारख्या रचनांत बरेच वादक पुनरावृत्त्या गाळतात, किंवा पहिलीच करतात. तेव्हा कानावर अ-अ-ब येतं आणि माणूस गोंधळतो. शंका आली की दोन वेगळ्या वादकांचं ऐकायचं.

आणि अस्सल टर्नरी ऐकायची तर मिन्युएट आणि ट्रिओची जोडी घे. मिन्युएट स्वतः बायनरी, दोन भागांचा, पुनरावृत्त्यांसह. मग ट्रिओ, तोही बायनरी, पण पोत वेगळा, बहुधा हलका, आणि स्वतःच्या शेवटाला पूर्ण मिटलेला. मग मिन्युएट पहिल्यापासून, या वेळी सहसा पुनरावृत्त्यांशिवाय. टेनर म्हणाले ती स्वतःचं दार असलेली खोली म्हणजे ट्रिओ. नुसता ट्रिओ ऐकून उठलीस तरी काही अर्धवट राहत नाही. बाहेरून तीन भाग, आत प्रत्येक भाग दोनाचा. त्यामुळे 'ही रचना बायनरी की टर्नरी' असं कुणी विचारलं तर आधी विचारायचं, कुठल्या पातळीवर?

पेटीमास्तर_कुडाळ
याच निकषाने मी माझ्या बंदिशींकडे पाहिलं. अंतरा सुटा गाऊन थांबलो तर तो तार षड्जावर जाऊन आला तरी मिटल्यासारखा वाटत नाही, मुखडा मागतोच. म्हणजे अंतरा 'ट्विंकल'च्या मधल्या भागाच्या जातीचा, ट्रिओच्या नव्हे. तर मी वर टर्नरी म्हटलं त्यापेक्षा टेनरांची राउंडेड बायनरी जवळची?

वसईकर_टेनर
जवळची म्हणता येईल, पण मी तिथे थांबेन. मोझार्टची थीम 24 बारांत बांधलेली आहे, एक बार इकडचा तिकडे नाही. बंदिशीत अस्थायी किती वेळा घ्यायची, मध्ये आलाप किती, अंतऱ्यावर कधी जायचं हे गाणाऱ्याच्या हातात. मुखडा परत येतो तो समेची जागा दाखवायला, प्रत्येक आवर्तनाला. तो भाग म्हणून येतो की खूण म्हणून, हे मला नक्की ठरवता येत नाही.

लाटांवरची_वीणा
मला वाटतं ख्यालाला हे निकष लावूच नयेत. नाट्यपदं किंवा भावगीतं घ्या, बांधीव असतात, तिथे चर्चा होऊ शकते.

पेटीमास्तर_कुडाळ
ताई, निकष लावल्याशिवाय तो लागत नाही हे कळणार कसं? मी तर लावून बघणार. श्रावणात बुवांची डबलबारी आहे, गजर, अभंग, गौळण तिन्ही ऐकायला मिळतील. गौळणीत मधेच चाल आणि ठेका दोन्ही बदलतात, आणि तो मधला तुकडा सुटा उभा राहतो असं मला आत्ता आठवताना वाटतंय. तो ट्रिओसारखा बंद होतो का, ते तिथे ऐकून लिहितो.

आबा_वेंगुर्ले
बारी खय आसा ता आधी सांग. मी येतंय.